हिरव्याचं निळं झालेलं वेळापत्रक

गेल्या हिवाळ्यात आमच्या सुनेने नोकरीतली बढती जवळजवळ नाकारली होती. मुलीच्या शाळेकडे आपलं लक्ष राहत नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि घरातल्या सगळ्यांनी, आडून का होईना, त्याला मान डोलावली होती. नातेवाइकांत अजूनही कोणी कोणी तसंच समजतं. खरं कारण निराळं होतं. ते मीच छापलं होतं आणि फ्रीजवर चुंबकाने लावलंही मीच होतं.

आम्ही दोघं नवरा-बायको जळगावहून चंदीगडला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा नात पहिलीत होती. मुलगा आयटी पार्कात, सून मोहालीच्या एका कंपनीत. आम्ही राहतो ते एका सेक्टरमधल्या कोठीच्या, म्हणजे इथल्या बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक, वर आम्ही आणि आमच्यावर गच्ची. मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं दर जूनला शाळेचं वेळापत्रक केलं. एकाच तासाला एक शिक्षक दोन वर्गांवर जाऊ नये, खेळाचा तास जेवणानंतर लगेच येऊ नये, गणित शेवटी पडू नये, असले सगळे हिशोब माझ्या डोक्यात पक्के बसलेले. त्यामुळे नात दुसरीत गेली आणि तिच्या शाळेने पालकांच्या ग्रुपवर वेळापत्रकाचा फोटो टाकला, तेव्हा तो आपोआप माझ्याकडे आला.

फोटो म्हणजे कोणीतरी फळ्यासमोर उभं राहून घाईत काढलेला. एका कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, त्यात बुधवार निम्मा पुसलेला. मी म्हटलं, हे मी नीट करून देतो.

पहिल्या प्रयत्नात मी कॉम्प्युटरवर तक्ता केला, वार खाली आणि तास आडवे, आणि सरळ छापायला दिला. प्रिंटरने दोन पानं काढली. दुसऱ्या पानावर शेवटचे दोन तास एकटेच बसलेले. माझी बायको म्हणाली, "अहो, हिची शाळा दोन ठिकाणी भरते का?"

मग मी पान आडवं केलं आणि सगळं एकाच पानात बसवायचा पर्याय निवडला. तरी उजवीकडची कड कापली गेली. ती का कापली जाते हे शोधण्यात एक दुपार गेली. कागदाचा आकार आपला ए-फोर, पण कॉम्प्युटरने मनानेच परदेशी पद्धतीचा लेटर आकार धरला होता. तो बदलला. शिवाय घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही, चारी बाजूंना त्याला थोडी कोरी जागा लागते, हेही तेव्हाच कळलं. मी सगळीकडे अंगठ्याएवढा समास सोडला आणि तक्ता पूर्ण आला.

रंगांचं मला फार कौतुक. आधी मी प्रत्येक विषयाला गडद रंग दिला आणि वर पांढरी अक्षरं. पडद्यावर ते देखणं दिसलं. कागदावर शाई इतकी ओतली गेली की कागद पापडासारखा वळला आणि बारीक पांढरी अक्षरं भोवतालच्या शाईत बुडून गेली. म्हणून फिकट रंग घेतले आणि वर काळी अक्षरं. हिंदीला फिकट हिरवा, पंजाबीला नारिंगी, गणिताला गुलाबी, ईव्हीएसला, म्हणजे परिसर अभ्यासाला, आकाशी, इंग्लिशला जांभळा. ज्या तासांना वह्या लागत नाहीत, चित्रकला, खेळ वगैरे, त्यांना राखाडी. पिवळा मात्र मी घेतलाच नाही. फिकट पिवळा मला पांढऱ्या कागदावर नीट दिसतच नाही. वय झालं की असं होतं, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात.

शेवटी त्याची पीडीएफ केली. तक्ता तसाच पाठवला की मुलाच्या मोबाइलवर उघडताना रकाने इकडे तिकडे सरकत. पीडीएफ जशी केली तशीच सगळीकडे दिसते. ती छापली आणि फ्रीजवर लावली. नातीच्या वह्या-पुस्तकांच्या पाठीवर त्याच रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या.

त्यामागे माझा एक विचार होता. नात अक्षर लावून वाचत बसली की दप्तर भरायला वेळ लागे, आणि शेवटी आईच ते भरून टाकी. मी तिला म्हटलं, "वाचू नकोस. रंग बघ. फ्रीजवर जो रंग, तो दप्तरात."

"सिर्फ कलर?"

"फक्त रंग."

"ये तो बेबी लोगों का काम है, आजोबा," ती म्हणाली, पण तिला ते आवडलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. आठवडाभरात ती गुणगुणत स्वतःचं दप्तर भरायला लागली. सून झोपण्यापूर्वी एकदा फ्रीजकडे आणि एकदा दप्तराकडे बघे, बस्स. एकदा मुलगा म्हणाला, "बाबांनी आपल्या घरात शाळा सुरू केली." मला बरं वाटलं. रिटायर माणसाला असं काही बोललेलं बरेच दिवस पुरतं.

दिवाळीला आम्ही सगळे जळगावला गेलो. परत आलो तो चंदीगडला थंडी सुरू झालेली, आणि शाळेने हिवाळ्याच्या वेळा लावल्या. शाळा उशिरा भरणार, तास आखूड, त्यांचा क्रमही बदललेला. पुन्हा ग्रुपवर फोटो, पुन्हा काम माझ्याकडे.

यावेळी मी आणखी सुबक करायचं ठरवलं. वर प्रत्येक तासाची वेळ लिहिली. आणि रकान्यांतली विषयांची नावं काढून टाकली. नातीला रंग पाठ झाले होते, मग अक्षरांची गर्दी कशाला, असं मला वाटलं. पान खरोखरच मोकळं, छान दिसायला लागलं. पीडीएफ पडद्यावर नीट तपासली, शाळेच्या फोटोशी चौकट चौकट ताडून पाहिली. सगळं बरोबर होतं. मग छापायला दिलं आणि छापलेला कागद न तपासताच फ्रीजवर लावला.

पुढच्याच आठवड्यात नातीच्या शाळेच्या डायरीत शेरा आला. हिंदीची वही आणली नाही. मग पंजाबीची. मग परत हिंदीची.

"मैंने टाइमटेबल देखके ही रखा था," नात म्हणाली.

"मग वही काय पाय फुटून घरी राहिली?" मुलगा म्हणाला.

सून गोंधळली. "मी बघितलं होतं रे काल. दप्तर बरोबर होतं." मग म्हणाली, "की घाईत बघितलं, कुणास ठाऊक. कॉल चालू होता."

मुलाने एक सिद्धांत मांडला. गणित आणि ईव्हीएस कधी विसरत नाही, हिंदी-पंजाबीच विसरते, याचा अर्थ पोरगी मुद्दाम करते. पंजाबीची लिपी तिला अवघड जाते, म्हणून टाळते. ऐकायला ते अगदी पटण्यासारखं होतं. त्यावर नात रडली. माझी बायको तिला जवळ घेऊन, स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "पोरीचं काय चुकतंय त्यात. आईचं डोकं लॅपटॉपमधे असलं की घर आपलं आपण चालतं."

सुनेने ते ऐकलं. रात्रीची भांडी त्या दिवशी जरा आवाज करत घासली गेली.

वेळापत्रक चुकलं असेल हे माझ्या मनात आलंच नाही. मी केलेलं होतं ना. एवढंच नव्हे, त्याच आठवड्यात नातीने मला विचारलं होतं, "आजोबा, विंटर में ईव्हीएस ज़्यादा होता है क्या?" आणि मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हटलं होतं, "असेल, असेल. थंडीत परिसर बघायला बरा."

सुनेच्या कंपनीत त्या सुमारास तिला टीमची प्रमुख करायचं चाललं होतं. ती तिथे बरीच वर्षं आहे, कामात हुशार आहे, हे मला तिच्या फोनवरच्या बोलण्यावरूनच कळे. पण त्या जागेवर संध्याकाळी परदेशातल्या लोकांशी बोलणं आलं आणि आठवड्यातले जास्त दिवस ऑफिसला जाणं आलं. डायरीतले शेरे यायच्या आधी ती हो म्हणणारच होती. त्यानंतर मात्र तिने साहेबांकडून विचार करायला मुदत मागून घेतली, आणि संध्याकाळचे कॉल लगेच बंद केले.

मग तो रविवार. नातीला ईव्हीएसच्या प्रकल्पासाठी झाडाच्या भागांचं चित्र छापून हवं होतं. घरी आम्ही दोघंच होतो. बाकीचे सेक्टर चौतीसला स्वेटर बघायला गेले होते. मी चित्र शोधलं, छापलं. नातीने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "आजोबा, ये पेड़ ब्लू क्यों है?"

पानं खरंच निळी होती. खोड गुलाबीसर. पडद्यावर पानं हिरवी आणि खोड तपकिरी.

मी शाईच्या टाक्या बघितल्या. आमच्या प्रिंटरला बाहेरून दिसणाऱ्या टाक्या आहेत. चारही टाक्यांत शाई होती, पिवळीत तर सगळ्यात जास्त. मग कॉम्प्युटरवरून प्रिंटरचं चाचणी पान काढलं. त्यात प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची एक जाळी येते. काळी जाळी आली, निळी आली, गुलाबी आली. पिवळीच्या जागी कोरा कागद. टाकीत शाई होती, पण ती बाहेर पडायची बारीक छिद्रं वाळून बंद झाली होती. दिवाळीत प्रिंटर इतके दिवस नुसता पडून राहिला होता, वर इथली कोरडी हवा.

हिरवा म्हणजे निळा आणि पिवळा. पिवळा गेला की निळा उरतो. नारिंगीतून पिवळा गेला की गुलाबी. चित्रकलेच्या तासाला हे मी स्वतः मुलांना शिकवलेलं आहे. मी खुर्चीतून उठून फ्रीजपाशी गेलो.

फ्रीजवर हिरवा रंग कुठेच नव्हता. नारिंगीही नव्हता. हिंदीचे सगळे तास आकाशी झाले होते, म्हणजे ईव्हीएस. पंजाबीचे सगळे गुलाबी, म्हणजे गणित. थोडा फिका गुलाबी, पण गुलाबीच. मी पिवळा रंग वापरला असता तर ती चौकट कोरी आली असती आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी ओरडलं असतं. मी विषयांची नावं ठेवली असती तरी कळलं असतं. तसं झालं नाही, म्हणून पान दिसायला रंगीत, सुबक, आणि पूर्ण चुकीचं होतं. पोर रोज त्या पानाप्रमाणे दप्तर भरत होती. तिची आई रोज त्याच पानाशी दप्तर ताडत होती. दोघी अगदी बरोबर वागत होत्या.

मी प्रिंटर साफ करायची आज्ञा दिली. तो गुरगुरला. चाचणी पानावर पिवळ्या रेघा तुटक तुटक आल्या. पुन्हा एकदा साफ केल्यावर जाळी पुरी आली. मग वेळापत्रकात विषयांची नावं परत घातली, छापलं, आणि यावेळी कागद खिडकीशी नेऊन पडद्यावरच्या रंगांशी ताडून बघितला. हिरवा हिरवा होता.

जुना कागद काढून मी नवा लावला. नात पेन्सिलला टोक करत बघत होती.

"ये नया है?"

"जरा स्वच्छ छापलं."

इथवर जे झालं ती चूक होती, आणि चूक कोणाचीही होते. पण त्या संध्याकाळी सगळे घरी आल्यावर मी गप्प बसलो, ती चूक नव्हती. सून पिशव्या ठेवत होती, बायको स्वेटरच्या किमतीवर बोलत होती, आणि मी मनात म्हणत होतो, आत्ता सांगू, चहा झाल्यावर सांगू. चहा झाला. मुलगा कोणाला तरी फोनवर सांगत होता, आमच्या बाबांनी अख्ख्या शाळेचं टाईमटेबल सांभाळलंय. मी स्वतःला म्हटलं, चूक तर दुरुस्त झाली आहे. आता सांगून काय फरक पडतो?

फरक पडला तो असा. शेरे यायचे थांबले. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. त्याचं श्रेय सुनेने स्वतःच्या त्यागाला दिलं. संध्याकाळचे कॉल बंद केले आणि पोरगी रुळावर आली, असा तिने सरळ हिशोब मांडला. बायकोने तर तो हिशोब जळगावला माझ्या बहिणीला फोनवर कळवलाही. "सूनबाईंनी आता लक्ष घातलंय, बरं चाललंय." मी शेजारच्या खोलीत होतो. मला ऐकू येत होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दर दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. आधी फक्त प्रिंटरबद्दल सांगायचं होतं. आता प्रिंटरबद्दल आणि माझ्या गप्प बसण्याबद्दलही. सून नव्या वेळापत्रकाकडे बघून दप्तर तपासायची आणि समाधानाने मान हलवायची, तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

मग एका शनिवारी दुपारी आम्ही गच्चीवर उन्हात बसलो होतो. बायको खाली झोपली होती, मुलगा नातीला घेऊन तळ्यावर गेला होता. मी किन्नू, इथलं संत्र्यासारखं फळ, सोलत होतो. सून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ काहीतरी लिहून, खोडून, पुन्हा लिहून ती म्हणाली, "बाबा, जरा हे वाचता का? इंग्लिश ठीक आहे का बघा. उद्धट तर वाटत नाही ना?"

तो तिच्या साहेबांना पाठवायचा नकार होता. विश्वास दाखवल्याबद्दल आभार होते. पुढे लिहिलं होतं की मागच्या काही महिन्यांत कामामुळे माझं मुलीच्या शाळेकडे दुर्लक्ष झालं, त्याचे परिणाम दिसले, आणि आता ते सुधारले आहेत, म्हणून ही जबाबदारी मी घेऊ शकत नाही. वाक्यं नीट होती. एकही चूक नव्हती.

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"इंग्लिश ठीक आहे," मी म्हटलं. "पण यातलं खरं काही नाही."

"म्हणजे?"

"दुर्लक्ष झालं नाही. तुझं नाही, तिचं नाही. वेळापत्रक चुकीचं होतं. माझं."

सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं, म्हणून मी खाली गेलो. जुना कागद मी फेकला नव्हता. फेकायचं धाडस झालं नव्हतं, असं म्हणा. तो आणि फ्रीजवरचा नवा, दोन्ही घेऊन वर आलो आणि गच्चीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एकेक किन्नू ठेवलं. पिवळी शाई, वाळलेली छिद्रं, हिरव्याचा निळा, सगळं सांगितलं. तिने सोमवारच्या चौकटीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या कागदावरच्या सोमवारवर. मग मंगळवार. ती एकेक वार बघत गेली. डायरीतले शेरे तिला तोंडपाठ होते. प्रत्येक शेरा जिथे पडायला हवा तिथे पडत होता.

"म्हणजे मी दप्तर बघत होते," ती म्हणाली.

"बघत होतीस."

"नीट बघत होते."

"अगदी नीट."

"बाबा, मला वाटायला लागलं होतं की माझं डोकं ठिकाणावर नाही. मी डॉक्टरकडे जायचा विचार करत होते. रक्त-बिक्त तपासून घ्यावं म्हणून."

मी सोललेलं किन्नू तिच्यापुढे सरकवलं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं. त्या रविवारी, स्वेटर आणायला गेला होतात तेव्हा. तिने मनात दिवस मोजले असावेत, कारण तिचा चेहरा बदलला.

"आणि तुम्ही बोलला नाहीत? आई आत्यांना फोनवर माझ्याबद्दल सांगत होत्या, तेव्हा तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात."

"होतो."

"टीव्ही बघत."

"बघत नव्हतो. नुसता लावला होता."

ती उठली, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली, कपडे वाळले की नाही ते चाचपत उभी राहिली. कपडे वाळलेले होते, तरी ती एकेक चाचपत होती. मला वाटलं आता ही रडेल, किंवा ओरडेल, आणि दोन्हीला मी पात्र होतो. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून उठलो. जवळ गेलो तर ती हसत होती.

"थंडीत परिसर बघायला बरा," ती म्हणाली. "पोरीने मला सांगितलं होतं. आजोबा बोलते हैं, सर्दी में ईव्हीएस ज़्यादा होता है. मला वाटलं तुम्ही गंमत केलीत." मग हसू एकदम थांबवून म्हणाली, "मी चिडलेय, बाबा. हसतेय म्हणून चिडले नाही असं समजू नका."

"नाही समजत."

"आज जेवताना सगळ्यांना सांगायचं. तुम्ही. मी नाही सांगणार."

"सांगतो."

ती परत येऊन बसली, लॅपटॉप उघडला आणि तो नकार अख्खा पुसून टाकला. मी समोर होतो. एक एक शब्द मागे जात नाहीसा झाला. नवं उत्तर तिने लगेच लिहिलं नाही. आधी एक किन्नू खाल्लं. सावकाश, बिया काढत. मग लिहिलं, फार तर दोन ओळी, आणि यावेळी मला न दाखवताच पाठवून दिलं.

जेवताना मी सांगितलं. मला वाटलं होतं तेवढं ते अवघड गेलं नाही. गच्चीवर अर्धं ओझं उतरलंच होतं. मुलगा आधी प्रिंटरच्या कंपनीवर घसरला. मग सुनेकडे वळून म्हणाला, "सॉरी यार. मी उगाच फिलॉसॉफी झाडली." माझी बायको मात्र माझ्याकडे अशी बघत होती की वरणाची वाटी हातातच राहिली.

"म्हणजे मी तिच्याबद्दल बोलत होते ते सगळं तुम्ही नुसतं ऐकत बसलात?"

"हो."

"चाळीस वर्षं शाळेला रंग दाखवलेत, आणि घरात निळं-हिरवं कळलं नाही?" मग सुनेकडे वळून, आवाज उतरवून म्हणाली, "तू घे गं ती जागा. संध्याकाळचं मी बघते. यांना काही कळत नाही, पण मी आहे ना."

"घेतली, आई," सून म्हणाली. "दुपारीच कळवलं."

नात इतका वेळ भाताचे डोंगर करत ऐकत होती. ती चमचा ठेवून म्हणाली, "मैंने बोला था ना. मैंने देखके ही रखा था." तिने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि पुन्हा म्हणाली, "किसी ने माना ही नहीं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुनेची माफी मागायची तयारी मी दुपारी केली होती, बायकोची बोलणी खायचीही. पण सगळ्यात आधी खोटी ठरली होती ती ही पोर, आणि ती तर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. मी खुर्ची मागे सरकवून तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "तू बरोबर होतीस. आजोबा चुकले. सॉरी."

तिने विचार केला. "पक्का?"

"पक्का."

"तो मैम को भी बोलना पड़ेगा. उनको लगता है मैं केयरलेस हूँ."

सोमवारी सुनेने डायरीत बाईंना चार ओळी लिहिल्या आणि मी खाली सही केली. बाईंनी परत हसरा चेहरा काढून पाठवला. नात तो बरेच दिवस मिरवत होती.

आता घरात प्रिंटरवर आठवड्यातून एकदा काहीतरी रंगीत छापायचं, म्हणजे शाई वाळत नाही, असा नियम आहे. कोणतीही छापील गोष्ट भिंतीवर लावायच्या आधी ती मूळ पानाशी ताडायची, हाही. हे नियम मी केले, पण पाळायला लावते ती नात.

सून त्या जागेवर रुजू झाली. कधी कधी तिला मोहालीहून यायला उशीर होतो. आल्यावर थकलेली असते, कधी वैतागलेली असते, पण मुलीच्या दप्तरापुढे अपराध्यासारखी उभी राहत नाही. मला तेवढं पुरे आहे.

एकच काम राहिलं होतं. ते मी मागच्या आठवड्यात केलं. बहिणीला जळगावला फोन लावला आणि म्हटलं, वहिनीने तुला सूनबाईंबद्दल जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं. चूक माझी होती. सगळं सविस्तर सांगितलं. प्रिंटर, पिवळी शाई, निळं झाड, माझं गप्प बसणं.

"ऐकलंस ना गं?"

"ऐकलं रे. एवढंच ना?" ती म्हणाली. "तू ज्या आवाजात सुरुवात केलीस, मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं." मग म्हणाली, "बरं, सूनबाई आहे का घरात? दे तिला. बढतीचं अभिनंदन करायचं राहिलंय माझं."

मी फोन सुनेला दिला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्यावर हसत होत्या, हे उघड होतं. मी बराच वेळ ऐकत बसलो.